9 तारखेची रेघ

*पत्र*

माझे वडील या महिन्याच्या 9 तारखेला हृदयविकाराने गेले. बार्शीत आमचं किराणा दुकान आहे, तीस-पस्तीस वर्षांपासून वडिलांच्या एकट्याच्या नावावर. जागा जुन्या भाड्याची. गेली सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर गल्ल्यावर बसतो, पण कुठल्याच कागदावर माझं नाव नाही. तेरावा झाल्यावर 22 तारखेला दुकान उघडलं. गिऱ्हाइकांचे क्यूआरचे 41,000 रुपये बाबांच्याच खात्यात जमा झालेत. त्यांच्या फोनवरून दोन होलसेलवाल्यांचे 38,000 मी भागवले. ते गेले त्या दिवशी करंट खात्यात 1,62,000 होते, नॉमिनी आई आहे. त्याच सहकारी बँकेचं 2,80,000 चं कर्ज आहे. ड्रॉवरमध्ये बाबांनी सही करून ठेवलेले चार कोरे चेकही सापडले. काका म्हणतात, "गडबड करू नको, सहा महिने त्यांच्याच नंबरवर चालू दे, मग सावकाश नाव बदलून घे." घरात आई, मी, लग्न झालेली बहीण आणि आजी, म्हणजे बाबांची आई. नाव बदलायला कुठून सुरुवात करू?

*— एक वाचक, बार्शी (पत्राची तारीख 28)*

*उत्तर*

वडिलांच्या जाण्याचं दुःख ताजं असताना कागदांचं बोलावं लागतंय, पण तुमचं पत्र वाचून मी आधी कॅलेंडर पाहिलं. आज 31 तारीख आहे, म्हणजे बाविसावा दिवस. जीएसटीच्या बाबतीत तुमच्या हातात पुढच्या महिन्याच्या 8 तारखेपर्यंतचाच वेळ आहे.

काकांचा सल्ला मायेचा असेल, पण तो पाळू नका. त्यांनी वापरलेला "नाव बदलून घे" हा शब्दच घोटाळ्याचा आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला कायद्याच्या दृष्टीने वेगळं अस्तित्व नसतं. पाटीवर काहीही नाव असो, जीएसटी नंबर वडिलांच्या पॅनवर, खातं वडिलांचं आणि परवाने वडिलांचे. माणूस गेला की ते सगळं त्याच्याबरोबर थांबतं. वारसांकडे येतो तो माल, उधारी, गल्ल्यातली रोकड, बँकेतली शिल्लक आणि देणी. म्हणून तुम्हाला नाव बदलायचं नाही. वडिलांचं दुकान 9 तारखेला हिशेबात बंद करायचं आहे आणि त्याच जागी, त्याच मालावर, त्याच पाटीखाली तुमचं दुकान सुरू करायचं आहे. वहीत 9 तारखेखाली एक जाड रेघ ओढा. पुढचं सगळं त्या रेघेवरून ठरतं.

सगळ्यात आधी फोन आणि चेक. ते चार कोरे चेक तिरकी रेघ मारून रद्द करा आणि पाकिटात घालून ठेवा, बँकेला परत द्यायचे आहेत. खातेदाराच्या मृत्यूची माहिती मिळाल्यावर बँक त्याचा चेक वटवत नाही. आणि माहिती न देता वटवून घेतला, तर उद्या बहिणीने किंवा बँकेनेच विचारलं की मयताच्या सहीने पैसे कोणी काढले, तर तुमच्याकडे उत्तर नसेल. वडिलांच्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवणंही आजपासून बंद. कुणाकडे त्यांचं मुखत्यारपत्र असेल तर तेही मृत्यूबरोबर संपलं.

जे 38,000 तुम्ही आधीच पाठवलेत त्याबद्दल घाबरू नका, पण लपवूही नका. तो पैसा वडिलांच्याच देण्यात गेला आहे. बँकेला मृत्यूची सूचना देताना त्याच अर्जात दोन ओळी लिहा: अमुक तारखेला अमुक दोन व्यापाऱ्यांना जुन्या बिलांपोटी इतके पाठवले, बिलांच्या प्रती सोबत. क्यूआरचे 41,000 मात्र वेगळे. ती विक्री रेघेखालची आहे, तुमच्या धंद्याची आहे. वडिलांच्या खात्यात पडली म्हणून ती वारसाहक्काची होत नाही. खात्यात आज 1,65,000 दिसत असतील. त्यातले 1,24,000 वडिलांचे आणि 41,000 तुमचे. स्टेटमेंटवर पेन्सिलने आत्ताच खुणा करून ठेवा, सहा महिन्यांनी कुणालाच आठवणार नाही. काउंटरवरचा तो क्यूआर आजच काढा आणि नवीन करंट खातं होईपर्यंत तुमच्या बचत खात्याचा लावा. फार दिवस नाही, कारण बचत खात्यावर धंदा बँकेला चालत नाही.

आता जीएसटी. रेघेनंतर वडिलांच्या नंबरवर एकही बिल फाडू नका. धंद्याचा वारस हा धंदा हातात आल्या दिवसापासून नोंदणीला बांधील होतो, असं केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 22(3) सांगतं. तुमची उलाढाल पुढे 40 लाखांच्या आत राहील का, हा प्रश्न इथे येतच नाही. तीस दिवसांच्या आत अर्ज केला तर नोंदणी मागच्या तारखेने, म्हणजे वारसाहक्काच्या दिवसापासून लागू होते. एकतिसाव्या दिवशी केला तर नंबर मिळेल त्या दिवसापासून. मधल्या दिवसांच्या विक्रीवर कर तर भरावाच लागतो, पण त्या दिवसांच्या खरेदीवरचा कर वजा मिळणं अवघड होतं. 8 तारखेचं महत्त्व ते एवढंच.

अर्ज तुमच्या स्वतःच्या पॅनवर, REG-01 या फॉर्मवर. त्यात नोंदणीचं कारण विचारतात, तिथे Death of the Proprietor हा पर्याय निवडा. बरेच जण घाईत नवीन धंद्याचा साधा पर्याय निवडतात. नंबर मिळतो, पण दोन नंबरांमधला दुवा तुटतो आणि पुढे वडिलांच्या जीएसटी खात्यातली शिल्लक वळवताना अधिकारी विचारतो की यांचा तुमचा संबंध काय. जागेच्या पुराव्यासाठी भाडेपावती आणि वीजबिल लागेल, भाड्याबद्दल खाली वेगळं लिहिते. आधार पडताळणी करून घ्या. नाही केली तर जागेची प्रत्यक्ष पाहणी होते आणि दिवस वाढतात.

नंबर येईपर्यंत दुकान बंद ठेवायची गरज नाही. विक्री करा, तुमच्या नावाने साधं बिल द्या, त्यावर वडिलांचा नंबर नको आणि कर वेगळा दाखवू नका. रोजच्या विक्रीचा हिशेब मात्र दराप्रमाणे वेगळा लिहा. नंबर आल्यावर एका महिन्याच्या आत त्या मधल्या दिवसांची सुधारित बिलं काढता येतात. घरगुती गिऱ्हाइकांसाठी प्रत्येकाचं वेगळं काढत बसावं लागत नाही, एकत्रित चालतं.

खरेदीत मात्र जपून. तुमचे होलसेलवाले सवयीने वडिलांच्याच नंबरवर बिल करतात, कारण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तेच नाव बसलंय. तसं झालं की त्या बिलावरचा कर मयताच्या नंबरवर जाऊन पडतो. म्हणून सगळ्या ठोक व्यापाऱ्यांना फोन करा, 9 तारखेनंतरची बिलं कोणत्या नंबरवर झाली ते विचारा आणि झाली असतील तर दुरुस्त करून मागा. पुढचे दहा दिवस संपेल तेवढाच माल भरा. दिवाळी जवळ आली म्हणून मोठी खरेदी करून ठेवायचा मोह होईल, तो नंबर येईपर्यंत आवरा.

वडिलांच्या नंबरचं काय? तो लगेच रद्द करायचा नाही. इथे क्रम चुकला की पैसे जातात, आणि चुकतोच. वडिलांच्या जीएसटी खात्यात न वापरलेली कर-वजावट पडून असेल, ज्याला सगळे आयटीसी म्हणतात. ती तुमच्या नंबरवर वळवता येते, पण नंबर रद्द करण्याचा अर्ज देण्याआधीच. मार्च 2019 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 96 क्रमांकाचं परिपत्रक काढून मालकाच्या मृत्यूनंतरचा हा क्रम स्पष्ट केला. आधी तुमचा नवा नंबर, मग वडिलांच्या लॉगिनमधून वजावट वळवण्याचा फॉर्म ITC-02, त्यानंतर REG-16 भरून रद्दीकरण आणि शेवटी GSTR-10 हे अंतिम विवरणपत्र. या शेवटच्याला तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून ते विसरलं जातं आणि विलंब शुल्क चढत राहतं.

वडिलांच्या लॉगिनचा ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि फोन तुमच्या हातात आहे, हे मला माहीत आहे. तरी तसं करू नका. आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याला अर्ज द्या, सोबत मृत्यू दाखला, वारसांची यादी आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र जोडा. अधिकारी तुमचं नाव, मोबाइल आणि ईमेल वडिलांच्या नोंदणीवर अधिकृत सही करणारा म्हणून चढवतो. मग सगळं तुमच्याच सहीने होतं. या लॉगिनमधून आधी वडिलांची राहिलेली विवरणपत्रं भरा, चालू महिन्याच्या 1 ते 9 तारखेच्या विक्रीसकट. ती थकलेली असतील तर ITC-02 पुढे सरकत नाही. त्या फॉर्मला सीएचं प्रमाणपत्र लागतं, आणि तुमच्या नव्या लॉगिनमध्ये जाऊन ती रक्कम तुम्हाला स्वीकारावी लागते. तिथे बटण न दाबल्याने वर्षभर लटकलेली रक्कम मी पाहिली आहे.

"मग कशाला एवढा व्याप, जुना नंबर बंद करून टाकू" असं वाटेल. तसं केलं तर शिल्लक मालावर पूर्वी घेतलेली वजावट सरकारला परत भरावी लागते. धंदा चालू ठेवणाऱ्या वारसाकडे माल गेला तर त्यावर कर लागत नाही. दुसरी बाजूही सांगते: धंदा पुढे चालवणारा वारस वडिलांचा जुना थकलेला जीएसटी, व्याज आणि दंड यांनाही बांधील असतो, कलम 93 तसं म्हणतं. म्हणून अर्ज करण्याआधी वडिलांच्या कर सल्लागाराला एकच प्रश्न विचारा: एखादी नोटीस आली होती का? कपाटात नाही, जीएसटी पोर्टलवर वडिलांच्या खात्यात बघायला सांगा.

आता हिशेबाकडे येते, कारण बँक आणि वारस हे दोन्ही त्यावर उभे आहेत. 9 तारखेला दुकानात किती माल होता? तो दिवस गेला, पण आकडा मागे जाऊन काढता येतो. आकडे समजण्यासाठी धरते, तुमचे तुम्ही घाला. आज मोजदाद केली, खरेदी किमतीने माल 6,92,000 चा निघाला. 22 तारखेपासूनची विक्री 2,10,000. किराण्यात सरासरी दहा टक्के सुटतात असं धरलं तर त्या मालाची खरेदी किंमत 1,89,000. तो माल 9 तारखेला दुकानात होता किंवा नंतर आला, म्हणून ती रक्कम मिळवा. नंतर आलेली खरेदी 1,41,000, ती वजा करा. 6,92,000 अधिक 1,89,000 उणे 1,41,000, म्हणजे 7,40,000. मोजताना बहीण किंवा मेहुणे हजर असतील तर उत्तम, आणि यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या.

त्यात उधारी 1,85,000, गल्ल्यातली रोकड 13,000 आणि बँकेतले 1,62,000 मिळवले की एकूण 11,00,000. देणी होलसेलवाल्यांची 2,60,000 आणि बँकेचं कर्ज 2,80,000, मिळून 5,40,000. (तुम्ही भागवलेले 38,000 या देण्यातच धरलेत. रेघेवर उभं राहून बघितलं तर तेव्हा ते द्यायचेच होते.) राहिले 5,60,000. वडिलांच्या दुकानाची निव्वळ किंमत ही. जीएसटीची वजावट मी यात धरली नाही, कारण तो पैसा घरात येत नाही, तुमच्या पुढच्या करात वळतो.

हे 5,60,000 कोणाचे? वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे तुम्ही, आई, बहीण आणि आजी असे चार समान वाटेकरी. प्रत्येकी 1,40,000. सहा वर्षं तुम्ही गल्ल्यावर बसलात म्हणून तुमचा वाटा मोठा होत नाही, आणि लग्न झालं म्हणून बहिणीचा लहान होत नाही. आई नॉमिनी आहे म्हणून बँकेतला पैसा तिच्या एकटीचा होत नाही. नॉमिनी फक्त बँकेकडून पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची राहते. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय.

घोळ बहुतेक घरांत आजीपाशी होतो. मुलगा गेला की आईला वाटा मिळतो, हे लोकांच्या ध्यानातच नसतं. आईची सही घेतात, बहिणीची घेतात, आणि आजी कोपऱ्यात बसलेली असते. तिचा वाटा आत्ता लिहून सोडला नाही आणि चार वर्षांनी ती गेली, तर तो चौथा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो. त्यात तुमचे काका येतात, आत्या असल्या तर त्या येतात. मग तुमच्या दुकानात काकांचा हिस्सा निघतो, आणि तेव्हा तो मायेने सुटेलच असं नाही. आजीला समजावून सांगा, तिच्या मनाविरुद्ध काही नको. तिने आपला वाटा मागितला तर तो तिचा हक्क आहे. सोडत असेल तर कागद तिला वाचून दाखवा, अंगठा असेल तर घरच्यांखेरीज दोन साक्षीदार ठेवा, आणि वय फार असेल तर डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडा की तिला सगळं समजतंय.

हा कागद म्हणजे वारसांचं सहमतीपत्र. वकिलाकडून स्टॅम्पपेपरवर करून घ्या. त्यात दुकानाचा माल, उधारी, नाव आणि देणी तुमच्याकडे येतात, आणि बाकीच्या तिघींनी आपला वाटा सोडला की रोखीत घेतला की तुमच्याकडे येणं म्हणून ठेवला, हे नावानिशी लिहा. दुकानापुरतं, म्हणजे चल मालापुरतं असेल तर नोंदणीची गरज नसते. घर किंवा शेत त्याच कागदात घालाल तर नोंदणीशिवाय तो उभा राहणार नाही, म्हणून ते वेगळं करा. माझं मत विचाराल तर आईचा वाटा सोडवून घेऊ नका. तिचे 1,40,000 तुमच्या वहीत तिच्या नावे देणं म्हणून दाखवा. तिचं नाव दुकानात राहतं आणि तुम्हाला व्याजाने पैसा काढावा लागत नाही. आईसोबत भागीदारीही करता येईल, पण तिथे पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळं, आणि एवढ्या दुकानाला ते ओझं होईल.

बहीण सही देत नसेल तर भांडू नका, तिच्या हातात वरचा हिशेब द्या. बहुतेक वेळा राग वाट्याचा नसतो, आकडा लपवल्याचा असतो. तरीही नाहीच जमलं तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागतो. आपल्याकडे तो अजून 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. वर्तमानपत्रात नोटीस, हरकतींची मुदत, काही महिने जातात. तोवर तुमच्या नावावर नवा नंबर घेऊन धंदा चालवायला अडचण नाही, फक्त जुनी वजावट आणि उधारी अडकते.

बँकेकडे मृत्यू दाखल्याच्या प्रतीसह आई जाईल. नॉमिनी असल्याने वारस दाखला किंवा जामीन मागायचं बँकेला कारण नाही. दावा अर्ज, दाखला आणि आईची ओळखपत्रं पुरे. कागद पूर्ण असतील तर पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमच्या बाबतीत अडचण दुसरीच येईल: कर्ज त्याच बँकेचं असल्याने शाखाधिकारी म्हणेल की शिल्लक कर्जात वळवतो. तसा हक्क बँक सांगू शकते. त्याला विरोध करण्यापेक्षा आधी लेखी मागा की कर्ज किती, हप्ता कितीचा, जामीनदार कोण. वडिलांच्या कर्जाला वारस त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतेच बांधील असतात, स्वतःच्या कमाईतून नाही. पण माल बँकेकडे तारण आहे आणि तो तुम्ही रोज विकताय, म्हणून हप्ता थकवू नका. थकला तर नोटीस आधी जामीनदाराच्या घरी जाते, आणि तो बहुधा शेजारचाच दुकानदार असतो. शाखेत समोर ठेवलेल्या कागदावर "नव्याने जामीन" असे शब्द असतील तर घरी आणून वाचा.

तुमच्या नवीन करंट खात्याला धंद्याचे दोन पुरावे लागतात. जीएसटीची वाट बघत बसू नका. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना आणि उद्यम नोंदणी एक-दोन दिवसांत तुमच्या नावावर होते, त्यावर खातं उघडतं. तुमच्या दुकानात मोजके नोकर असतील, म्हणजे 2017 च्या कायद्याप्रमाणे शॉप अ‍ॅक्टचा परवाना लागत नाही, सूचना पुरते. वडिलांची जुनी पावती नूतनीकरण करायला कुणी एजंट पैसे मागेल, देऊ नका.

फूड लायसन्सचं एक बरं आहे, तिथे कायदा माणुसकीने लिहिलाय. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक गेला तरी परवाना 90 दिवस कुटुंबाच्या उपयोगी राहतो. पण त्या मुदतीत तो आपल्या नावावर करण्याचा अर्ज पोर्टलवर करावा लागतो, मृत्यू दाखला आणि सहमतीपत्र जोडून. 9 तारखेपासून 90 दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. हे एकच हस्तांतर खरोखर "नाव बदलणं" आहे. वजनकाट्याचं प्रमाणपत्र पुढच्या मुद्रांकनाला तुमच्या नावाने करून घ्या.

आता जागा, आणि इथे जरा सावध राहा. जुन्या भाड्याच्या दुकानात घरमालक सांत्वनाला येतो आणि जाताना म्हणतो, "पोरा, आता तुझ्या नावाने नवीन करार करून टाकू, अकरा महिन्यांचा." ओळखीतल्या एका घरात हे झालं, मुलाने सही केली, आणि दोन वर्षांनी त्याला कळलं की तो भाडेकरू उरलाच नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स म्हणजे केवळ वापराची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे धंद्याच्या जागेत, भाडेकरूच्या मृत्यूवेळी त्याच्याबरोबर तिथे धंदा करणारा कुटुंबीय हाच भाडेकरू होतो. तुम्ही सहा वर्षं तिथे बसताय, तो तुमचा हक्क आहे. तुम्ही तिथे बसत होतात याचे पुरावे शोधा: तुमच्या सहीच्या माल उतरवल्याच्या पावत्या, तुमच्या मोबाइलवर आलेल्या ऑर्डरी, तुमच्या बचत खात्यातून गेलेलं दुकानाचं वीजबिल. घरमालकाला एक साधं पत्र द्या की वडील गेले, भाडं यापुढे माझ्या नावाने घ्यावं, आणि भाडं बँकेतून पाठवा. तो घेईना तर मनीऑर्डरने पाठवा, पण थकवू नका. नवीन करारावर सही करण्याआधी वकील गाठा.

उधारीची वही जपा. उधारीवर माल नेणारा वडिलांचा ऋणी होता, तुमचा नाही. त्याने दिलं तर प्रश्न नाही. नाही दिलं आणि कोर्टात जायची वेळ आली, तर वारसा प्रमाणपत्राशिवाय कोर्ट हुकूम करत नाही, आणि त्याला रकमेवर फी लागते. तीन-चार हजारांसाठी कोण जाणार? म्हणून सोपा उपाय करा. येणाऱ्या प्रत्येक उधारीवाल्याकडून वहीत त्याच्या खात्याखाली "आजअखेर येणे रक्कम मान्य" असं लिहून तारीख आणि सही घ्या. वडिलांवरच्या श्रद्धेने बहुतेक जण आत्ता सही देतात, वर्षाने देत नाहीत. मुदत तीन वर्षांची असते आणि ती संपायच्या आत अशी लेखी कबुली घेतली तर नव्याने मोजली जाते.

प्राप्तिकराचं थोडक्यात. वडिलांचं पॅन आत्ता परत करू नका. 1 एप्रिल ते 9 तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र त्यांच्याच पॅनवर भरायचं आहे, प्राप्तिकर पोर्टलवर वारस म्हणून तुमची नोंद करून. परतावा आला तर त्यावर चारही वारसांचा हक्क. 10 तारखेपासूनचा नफा तुमच्या पॅनवर. क्यूआरचे ते 41,000 वडिलांच्या खात्यात पडलेत, म्हणून त्यांच्या विवरणपत्रात चुकून धरले जातील, सल्लागाराला आधीच सांगा.

मृत्यू दाखल्यावरचं नाव, जीएसटीवरचं आणि बँकेतलं नाव एकच अक्षरांत आहे का ते आजच बघा. "पांडुरंग" एका ठिकाणी ऱ्हस्व आणि दुसऱ्या ठिकाणी दीर्घ असलं की पोर्टल अडतं. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. दाखल्याच्या दहा तरी प्रती काढा.

उद्या सकाळी दुकान दोन तास उशिरा उघडा आणि मोजदाद सुरू करा, डाळी-तांदळाच्या पोत्यांपासून. दुपारी बँकेत आई आणि चेकचं पाकीट. REG-01 परवापर्यंत गेलेला असू दे.